परिच्छेदांनी भरलेली स्लाइड: एक मथळा, तीन मुद्दे

पडद्यावर पूर्ण परिच्छेद दिसला की सभागृहात एकाच वेळी दोन वाचने सुरू होतात. वक्ता मजकूर मोठ्याने वाचू लागतो आणि श्रोते तोच मजकूर मनातल्या मनात वाचू लागतात. मनातले वाचन बोलण्यापेक्षा वेगाने होते. त्यामुळे वक्ता दुसऱ्या वाक्यावर असतो तेव्हा बरेच श्रोते शेवटच्या ओळीला पोचलेले असतात, आणि उरलेला वेळ त्यांच्या दृष्टीने केवळ वाट पाहण्याचा असतो. शिकण्याच्या प्रक्रियेवर बुद्धीवरील भाराच्या अंगाने अभ्यास करणारे ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि अमेरिकेतील रिचर्ड मेयर यांनी या अडचणीकडे प्रयोगांतून लक्ष वेधले आहे. तेच शब्द एकाच वेळी डोळ्यांपुढे आणि कानांवर आले की समजणे सोपे होण्याऐवजी अनेकदा अवघड होते. लिहिलेले आणि ऐकलेले जुळते की नाही हे पडताळण्यातच श्रोत्याचे लक्ष खर्च होते.

तरीही परिच्छेद पडद्यावर येतात, याला कारण आहे. वक्त्याला काही विसरण्याची भीती असते. शिवाय तीच फाइल सभेनंतर सर्वांना पाठवायची असते, त्यामुळे ती वाचूनही कळली पाहिजे असे वाटते. म्हणजे एका स्लाइडवर तीन कामे लादली जातात: वक्त्याची आठवण, श्रोत्यांसाठी फलक आणि दप्तरी ठेवण्याचा अहवाल. या तिन्ही कामांची लांबी वेगवेगळी असते. परिच्छेद आटोपशीर करणे म्हणजे आधी ही कामे एकमेकांपासून सोडवणे. पडद्यावर फक्त फलकाचे काम राहते आणि बाकीचे दोन भाग दुसरीकडे जातात.

या कामात सर्वाधिक चुका पहिल्याच पावलावर होतात. परिच्छेद हाती आला की लोक शब्द कापायला बसतात. विशेषणे जातात, ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ जातात, आठ ओळींच्या पाच होतात, पण स्लाइड काय म्हणते ते तितकेच अस्पष्ट राहते. खरे पहिले पाऊल म्हणजे कात्री बाजूला ठेवून एका प्रश्नाचे उत्तर लिहिणे: या स्लाइडवरून श्रोत्याने कोणती एक गोष्ट मान्य करावी? ते उत्तर म्हणजेच मथळा.

बहुतेक स्लाइडींना मथळा नसतो, फक्त विषयाचे नाव असते. ‘लिफ्टबाबत’, ‘पाणीपुरवठा’, ‘तिमाही आढावा’ ही विषयांची नावे झाली. त्यांच्याशी कोणी सहमत होऊ शकत नाही आणि असहमतही होऊ शकत नाही, कारण त्यांत काही विधानच नाही. 1987 साली मॅकिन्टॉशसाठी पॉवरपॉइंट बाजारात आले आणि पुढे वर शीर्षकाची चौकट आणि खाली ठिपक्यांची यादी हा साचा लोकांच्या हाताशी आला. वरची चौकट छोटी दिसते म्हणून तिथे नाव टाकायचे आणि सांगायचे ते सगळे खाली ओतायचे, ही सवय त्या साच्यातूनच वाढली. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लेखन आणि सादरीकरण शिकवणारे मायकेल ॲली यांनी नेमका याच जागी बदल सुचवला. शीर्षकाच्या जागी पूर्ण वाक्य लिहावे, त्यात क्रियापद असावे, आणि खालच्या भागाने त्या वाक्याला पुरावा द्यावा. पुरावा चित्राचा किंवा आलेखाचा असावा यावर ॲली यांचा भर आहे. जिथे चित्र नसते, तिथे तीन छोटे मुद्दे हे काम करतात.

समजा, एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘लिफ्टबाबत’ या शीर्षकाची एक स्लाइड आहे. तिच्यावरचा मजकूर असा:

‘संस्थेच्या इमारतीमध्ये सन 2004 मध्ये बसविण्यात आलेल्या लिफ्टच्या संदर्भात सभासदांकडून वारंवार तक्रारी प्राप्त होत असून मागील आर्थिक वर्षामध्ये सदर लिफ्ट एकूण 14 वेळा बंद पडल्याचे निदर्शनास आले आहे. त्यावरील दुरुस्तीकरिता संस्थेस एकूण रु. 1,86,000 इतका खर्च करावा लागला. तसेच लिफ्टच्या कंट्रोल पॅनलचे सुटे भाग उत्पादक कंपनीने बंद केल्याचे देखभाल ठेकेदाराने लेखी कळविले आहे. याबाबत व्यवस्थापन समितीने तीन कंपन्यांकडून दरपत्रके मागविली असता सर्वात कमी दर रु. 11,40,000 इतका प्राप्त झाला आहे. संस्थेच्या सिंकिंग फंडामध्ये सद्यस्थितीत रु. 9,00,000 उपलब्ध असून उर्वरित रक्कम सर्व 24 सदनिकाधारकांकडून समान प्रमाणात वर्गणीद्वारे जमा करणे प्रस्तावित आहे. तरी सभागृहाने याबाबत योग्य तो निर्णय घ्यावा ही विनंती.’

मजकुरात चूक एकही नाही, पण समिती काय मागते आहे ते त्यात एकाही जागी सरळ लिहिलेले नाही. ‘योग्य तो निर्णय’ हे शब्द त्या मागणीला टाळतात. समितीने दरपत्रके मागवली, निधी मोजला आणि वर्गणीचाही विचार केला, म्हणजे लिफ्ट बदलावी हे तिचे मत ठरलेले आहे. तेव्हा मथळा तिथूनच निघतो: ‘लिफ्ट दुरुस्त करत न राहता यंदा बदलावी’. हे वाक्य वाचून सभासद हो म्हणू शकतो, नाही म्हणू शकतो, किंवा ‘यंदाच का?’ असे विचारू शकतो. विधान झाले आहे की नाही याची ही साधी कसोटी आहे.

यापुढे परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा असतो: हे वाक्य काढले तर मथळा लंगडा पडतो का? लिफ्ट 2004 साली बसवली हे कळले नाही तरी मथळ्याला धक्का लागत नाही, कारण जुनी लिफ्टही नीट चालू शकते. ती वर्षात 14 वेळा बंद पडली हे मात्र लागते, आणि तिच्यावर 1,86,000 रुपये गेले हेही. ही दोन वाक्ये एकाच गोष्टीचा पुरावा आहेत, म्हणून ती एका मुद्द्यात जातात. सुटे भाग मिळत नाहीत हा मुद्दा स्वतंत्र आहे आणि बहुधा सर्वात वजनदार आहे, कारण ‘अजून एक वर्ष काढू’ म्हणणाऱ्याला त्यात उत्तर मिळते. ठेकेदाराने हे लेखी कळवले, ही माहिती कोणी शंका घेतली तरच लागते. दरपत्रके तीन मागवली हेही तसेच. पैशांची वाक्ये वेगवेगळी दिसली तरी सभासदाच्या मनात त्यांचा प्रश्न एकच असतो, आणि तो म्हणजे आपल्या घराला किती पडणार. परिच्छेदाने ते गणित सोडवलेलेच नाही. 11,40,000 मधून 9,00,000 वजा केले की 2,40,000 उरतात. ते 24 सदनिकांत वाटले की दर सदनिकेला 10,000 रुपये येतात. मूळ मजकुरात नसलेला हा आकडा नव्या स्लाइडवर सर्वात महत्त्वाचा ठरतो.

स्लाइड आता अशी होते:

लिफ्ट दुरुस्त करत न राहता यंदा बदलावी

• वर्षात 14 वेळा बंद पडली. दुरुस्तीला 1,86,000 रुपये गेले
• कंट्रोल पॅनलचे सुटे भाग आता मिळत नाहीत
• सिंकिंग फंड वापरून दर सदनिकेला 10,000 रुपये पडतील

परिच्छेद छोटा करताना एक आकडा नव्याने आला, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. संक्षेप म्हणजे केवळ वजाबाकी नसते. लांब मजकूर अनेकदा लेखकाने न केलेला हिशेब वाचकावर सोपवतो. जागा कमी केली की तो हिशेब लेखकालाच करावा लागतो.

उरलेला मजकूर फेकून द्यायचा नसतो. बसवल्याचे वर्ष, ठेकेदाराचे पत्र, तिन्ही कंपन्यांचे दर आणि निधी वापरण्यासाठी सभेचा ठराव लागतो ही बाब, हे सगळे स्लाइडखालच्या टिपणांच्या जागेत जाते. पॉवरपॉइंटमध्ये ती जागा `Notes` या नावाने असते. `Presenter View` चालू असेल तर ती टिपणे वक्त्याच्या पडद्यावर दिसतात, श्रोत्यांच्या नाही. छापताना `Notes Pages` निवडले की प्रत्येक पानावर वर स्लाइड आणि खाली तिचे टिपण येते. दप्तरी ठेवायचा किंवा गैरहजर सभासदाला पाठवायचा कागद तोच. ‘नंतर वाचणाऱ्याला काय कळणार?’ हा परिच्छेदांच्या बाजूचा सर्वात खरा आक्षेप आहे, आणि त्याला उत्तर द्यायची जागा ही आहे.

मुद्दे तीनच का, यामागे कोणताही नियम नाही. माणूस एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतो. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी 2001 साली ही मर्यादा सुमारे चार गोष्टींची मांडली. मथळा धरला तर तीन मुद्द्यांनी ती भरते. पण तीनचा व्यावहारिक उपयोग वेगळाच आहे: चौथा मुद्दा सुचला की तो आधीच्या तीनपैकी कशापेक्षा जास्त वजनाचा आहे, हे ठरवावे लागते. कधी असे होते की चारही मुद्दे लागतातच. तेव्हा बहुतेक वेळा त्या स्लाइडवर दोन विधाने दडलेली असतात आणि दोन स्लाइडी करणे हेच बरोबर ठरते. लिफ्टच्या उदाहरणात कोणत्या कंपनीची लिफ्ट घ्यावी हाही निर्णय त्याच सभेत हवा असेल, तर त्याचा मथळा वेगळा, पुरावा वेगळा आणि स्लाइडही वेगळी. उलट कधी दोनच मुद्दे असतात. तिथे संख्या भरण्यासाठी तिसरा घातला तर तो कमकुवत असतो, आणि विरोध करणारा नेमका तोच मुद्दा उचलतो.

मराठीत हे काम करताना दोन अडचणी खास आपल्या येतात. पहिली अडचण कार्यालयीन भाषेची. ‘दुरुस्तीची कार्यवाही करण्यात येत आहे’ या वाक्यात काम एकच आहे, दुरुस्त करणे. पण ते नामाच्या आत कोंडले आहे, त्याच्याभोवती ‘कार्यवाही’, ‘करण्यात’, ‘येत’ असे शब्द उभे आहेत, आणि काम कोण करणार ते कुठेच नाही. अशा वाक्यातून शब्द कापले तर ‘दुरुस्तीची कार्यवाही’ उरते, म्हणजे पुन्हा विषयाचे नाव. त्याऐवजी क्रियापद मोकळे करून कर्ता परत आणावा: ‘ठेकेदार शुक्रवारपर्यंत दुरुस्त करेल’. शब्दांची संख्या जवळपास तेवढीच राहते, पण आता जबाबदारी आणि मुदत दोन्ही कळतात. दुसरी अडचण वाक्यरचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येते. मथळा दोन ओळींपेक्षा लांबला की विधान होकाराचे आहे की नकाराचे, हे अगदी शेवटच्या शब्दाला कळते. म्हणून मराठी मथळा आठ-दहा शब्दांत संपवण्याचा प्रयत्न करावा आणि ‘असल्यामुळे’, ‘असून’, ‘पाहता’ यांनी संपणारी कारणे खालच्या मुद्द्यांत ढकलावीत. मांडणीची एक बारीक गोष्टही इथेच सांगण्यासारखी आहे: देवनागरीत मात्रा आणि रफार रेषेच्या वर येतात, तर उकार खाली. इंग्रजीला पुरणारे ओळींमधले अंतर मराठीला पुरत नाही. मजकूर कमी झाल्याने सुटलेली जागा आधी ओळींमधल्या अंतराला द्यावी आणि मग अक्षर मोठे करावे.

संक्षेप फसतो तो दोन तऱ्हांनी. पहिल्या तऱ्हेत मुद्दे इतके आखूड होतात की ते मुके होतात: ‘वारंवार बिघाड’, ‘सुटे भाग’, ‘निधी’. सुटे भाग मिळतात की नाही, निधी पुरतो की नाही, हे वक्त्याशिवाय कोणाला कळत नाही. वक्ता बाजूला झाला तर स्लाइड काय म्हणते, हे विषय ठाऊक नसलेल्या एखाद्याला वाचायला देऊन तपासता येते. त्याने मथळा आणि मुद्दे यांतले नाते आपणहून ‘कारण’ हा शब्द घालून सांगितले, तर स्लाइड जमली आहे. लिफ्ट बदलावी, कारण ती 14 वेळा बंद पडली. लिफ्ट बदलावी, कारण सुटे भाग मिळत नाहीत. तिसरा मुद्दा या वाक्यात तसाच बसत नाही. तो कारण नसून ‘आणि ते परवडेल’ असा आधार आहे. एवढी सैलता चालते, पण तिन्ही मुद्दे ‘कारण’ला जुळत नसतील तर मथळा चुकला आहे असे समजावे.

दुसरी तऱ्हा अधिक गंभीर आहे. संक्षेप करताना काय वर जाते आणि काय तळाला पडते, हे ठरवणारा माणूस नकळत दिलासा देणारी गोष्ट वर ठेवतो. याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण अमेरिकेच्या कोलंबिया अंतराळयानाचे आहे.

16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया उडाले आणि सुमारे 82 सेकंदांनी त्याच्या बाहेरील इंधनटाकीवरून फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडी मांडल्या. त्यांतली एक स्लाइड पुढे विशेष चर्चेत आली. तिच्या शीर्षकाचा आशय असा होता: फरशी भेदली जाण्याबाबतचे अंदाज सुरक्षिततेच्या बाजूला झुकलेले आहेत, असे चाचण्यांच्या आकडेवारीवरून दिसते. फरशी म्हणजे यानाला उष्णतेपासून वाचवणारे आवरण. शीर्षकाखाली एकाच्या पोटात एक अशा पातळ्यांची उतरंड होती आणि प्रत्येक पातळीला अक्षर लहान होत गेले होते. ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द तीत पाच वेळा आला होता, आणि प्रत्येक वेळी त्याचे माप वेगळे होते. अगदी तळाच्या दोन ओळींत लिहिले होते की उड्डाणातली परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेच्या खूप बाहेरची आहे, आणि आदळलेल्या तुकड्याचे अंदाजे आकारमान 1920 घन इंच आहे, तर चाचणीतल्या तुकड्याचे 3 घन इंच.

1920 भागिले 3 म्हणजे 640. आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या 640 पट होता. हा भागाकारही त्या स्लाइडवर नव्हता. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडीची ओळन् ओळ तपासली आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट 2003 च्या अहवालात त्यांच्या विश्लेषणाची दखल घेतली. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. 1 फेब्रुवारी रोजी वातावरणात परतताना कोलंबियाचे तुकडे झाले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला.

त्या स्लाइडीवर आधीच ठिपके होते, परिच्छेद नव्हते. म्हणजे ‘मजकुराचे मुद्दे करा’ हा सल्ला तिथे पाळलेला होता. चुकला तो मथळा. तीच माहिती ठेवून, नवी काहीही न घालता, ती अशी लिहिता आली असती:

चाचण्यांवरून या नुकसानीचा अंदाज करता येत नाही

• आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या सुमारे 640 पट मोठा
• पुरेसे वस्तुमान आणि वेग असल्यास फोम फरशी भेदतो
• एकदा भेदली की थोड्या जादा ऊर्जेनेही मोठे नुकसान होते

हे तिन्ही मुद्दे मूळ स्लाइडीवर आहेत. पुनर्लेखनात त्यांची जागा बदलली आहे आणि भागाकार तेवढा केला आहे. मूळ स्लाइडीत आणखी एक बाब होती: हानीचा हिशेब करणारे ‘क्रेटर’ हे साधन चाचण्यांत प्रत्यक्षापेक्षा जास्त हानी दाखवत असे. तिच्यावरच मूळ शीर्षक उभे होते. नव्या रूपात ती टिपणांत जाते, कारण 3 घन इंचांवर खरी ठरलेली गोष्ट 1920 घन इंचांना लागू पडेल याला आधार नाही. इथून कामाची एक पद्धत मिळते. परिच्छेद हाती आला की त्यातले ‘मात्र’, ‘परंतु’, ‘तथापि’, ‘अपवाद’ हे शब्द आधी अधोरेखित करावेत. त्यांच्या पुढे जे लिहिले आहे, त्याने मथळा उलटत असेल तर तेच मथळ्यात आले पाहिजे. उलटत नसेल पण त्याला मर्यादा पडत असेल, तर तीनपैकी एक मुद्दा त्या मर्यादेसाठी राखावा. लिफ्टच्या स्लाइडीतही हेच लागू होते. सर्वात कमी दरात जुनी लिफ्ट काढून नेण्याचा खर्च धरलेला नसेल, तर दर सदनिकेला 10,000 रुपये हा आकडा ती अट सांगितल्याशिवाय पडद्यावर जाऊ नये.

मथळा नीट केला असता तर अपघात टळला असता, असे म्हणता येत नाही. फोम पंखाच्या कडेवरच्या कार्बनच्या आवरणावर आदळला होता आणि ती स्लाइड फरशांबद्दल होती. यानाची छायाचित्रे घेण्याच्या अभियंत्यांच्या विनंत्याही वरच्या पातळीवर मागे पडल्या. अपघाताच्या कारणांत संस्थेच्या कामकाजाचा वाटा मोठा होता. पण निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्या दिवशी जे वाक्य मोठ्या अक्षरात होते, ते दिलासा देणारे होते.

काही मजकूर या साच्यात घालूच नये. ज्याची कारणे एकमेकांवर अवलंबून आहेत असा युक्तिवाद, करारातील अटी, औषधाच्या मात्रा, वेगवेगळ्या पर्यायांची सविस्तर तुलना, यांचे तीन मुद्दे केले की मुद्द्यांमधले ‘जर’, ‘तर’ आणि ‘नाहीतर’ गळून पडतात, आणि अर्थ त्या शब्दांतच असतो. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी 2004 साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकले आणि त्याच्या जागी सलग लिहिलेली टिपणे आणली. ती जास्तीत जास्त सहा पानांची असतात आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे शांत बसून ती वाचतात. तिथे परिच्छेद पडद्यावरून कागदावर गेला आणि त्याला वाचण्याचा वेळही मिळाला. सभेत अशा मजकुराची वेळ आली तर छापील पान आधी वाटावे, पाच-सात मिनिटे वाचू द्यावे, आणि पडद्यावर फक्त ज्या वाक्यावर मत घ्यायचे ते वाक्य ठेवावे.